लहान टर्बो की मोठं साधं इंजिन? दहा वर्षांच्या दुरुस्तीचा हिशेब

ओळखीतल्या एकांनी गाडी माझ्याकडे आणली तेव्हा तिच्यात बसवलेला नवा टर्बो जेमतेम ४,००० किलोमीटर चालला होता आणि पुन्हा शिट्टी मारायला लागला होता. तीन सिलिंडरचं, एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. मूळ टर्बो ८६,००० किलोमीटरला गेला. निळा धूर, गेलेला पिकअप आणि ‘टर्बो बदला’ असा निकाल. त्यांनी तो बदलला. बिल मोठं होतं, पण आता पुढची काही वर्षं चिंता नाही, असं त्यांना वाटलं.

मी टर्बोकडे ऑइल नेणारा पाइप सोडला. तो पाइप एका पोकळ बोल्टने इंजिनाला जोडलेला असतो आणि काही इंजिनांत त्या बोल्टच्या आत बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी बारीक जाळी असते. ती जाळी उजेडात धरली तर आरपार दिसायला हवी. इथे तीन चतुर्थांश भाग काळ्या, कडक खपलीने बंद झाला होता. नखाने खरवडल्यावर चुरा पडला. तो जळून घट्ट झालेल्या ऑइलचा थर होता. नवा टर्बो बसवताना तोच जुना बोल्ट परत लावला गेला होता, त्यामुळे नव्या टर्बोलाही पहिल्या दिवसापासून अर्धपोटी राहावं लागलं.

लहान टर्बो इंजिन आणि मोठं साधं, बिनटर्बोचं इंजिन, म्हणजे लोक ज्याला ‘एनए’ म्हणतात ते, यांत दुरुस्तीच्या दृष्टीने असलेला फरक या जाळीत मला सगळ्यात स्पष्ट दिसतो. टर्बो हा भाग मुळात कमकुवत नाही. पण तो ऑइलच्या बाबतीत चूक माफ करत नाही, आणि चूक झाली की बिल एकाच झटक्यात येतं. साध्या इंजिनात तीच चूक पचते, किंवा हळूहळू, आधी सांगून बाहेर येते. पुढे दिलेल्या पायऱ्या याच धाग्याने लावल्या आहेत: आधी कारण समजून घेऊ, मग स्वतःचा हिशेब मांडू, मग सांभाळ, आणि शेवटी बिघाड झाल्यावर काय तपासायचं ते.

पायरी १: इंजिनावर किती ताण आहे ते काढा

जाहिरातीत दोन आकडे असतात, शक्ती आणि टॉर्क. दुरुस्तीसाठी टॉर्कचा आकडा जास्त बोलका आहे. त्यावरून सिलिंडरमध्ये सरासरी किती दाब काम करतो हे काढता येतं. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला १२.५७ ने गुणा, लिटरमधल्या क्षमतेने भागा आणि आलेल्या आकड्याला १०० ने भागा. उत्तर बारमध्ये मिळतं.

एक लिटरचं टर्बो इंजिन १७० न्यूटन-मीटर देत असेल, तर हा आकडा २१ बारच्या आसपास येतो. दीड लिटरचं साधं इंजिन १४५ न्यूटन-मीटर देत असेल, तर १२ बार. म्हणजे पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि हेड गॅस्केट यांच्यावर टर्बोमध्ये पावणेदोन पट भार. शिवाय टर्बो इंजिन हा पूर्ण टॉर्क १,५००–१,८०० फेऱ्यांपासूनच देतं, तर साधं इंजिन ४,०००च्या पुढे. कमी फेऱ्यांवर जास्त भार म्हणजे बेअरिंगमधला ऑइलचा थर पातळ असतानाच त्याच्याकडून सर्वांत जड काम करून घेणं.

हे ऐकून घाबरायचं कारण नाही. टर्बो इंजिनाचे पिस्टन, क्रँक आणि थंडावा हे सगळं या भारासाठीच बनवलेलं असतं. मात्र या रचनेत शिल्लक राखीव ताकद कमी असते. साध्या इंजिनात ऑइल जुनं झालं, कूलंट थोडं कमी झालं, तरी ते बरंच सांभाळून घेतं. २१ बारवर चालणाऱ्या इंजिनाकडे तेवढी मोकळीक नसते.

पायरी २: टर्बो कसा जगतो ते समजून घ्या

टर्बोच्या आत एक छोटा दांडा असतो. त्याच्या एका टोकाला जळलेल्या वायूवर फिरणारं चाक आणि दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चाक. लहान पेट्रोल टर्बोमध्ये हा दांडा मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेऊ शकतो. वायूच्या बाजूचं तापमान ९५० अंशांच्या आसपास जातं. बहुतेक टर्बोंत हा दांडा गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरत नाही, तर ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ऑइल पोचायला उशीर झाला, कमी पोचलं किंवा घाणेरडं पोचलं, की दांडा धातूला घासतो.

इथे एक गोष्ट बऱ्याच मेकॅनिकांनाही ठाऊक नसते. टर्बोमध्ये ऑइल अडवणारं सील रबरी नसतं. पिस्टनच्या रिंगसारखी ती बारीक धातूची रिंग असते आणि तिचं काम दाबाच्या फरकावर चालतं. ऑइल वरून दाबाने येतं आणि खालून केवळ स्वतःच्या वजनाने इंजिनात परत उतरतं. हा उतरण्याचा रस्ता तुंबला, किंवा इंजिनाच्या पोटात दाब वाढला, तर अगदी धडधाकट टर्बोही ऑइल बाहेर टाकू लागतो. धूर दिसतो, टर्बोवर आळ येतो, आणि दोष मात्र दुसरीकडेच असतो.

पायरी ३: टर्बोच्या आजूबाजूला काय आहे ते विचारा

मोठी बिलं अनेकदा टर्बोची नसतातच. ती टर्बोसोबत आलेल्या भागांची असतात. म्हणून ‘टर्बो आहे का’ एवढं विचारून थांबू नका. माहितीपत्रकात किंवा सेवा पुस्तिकेत दोन गोष्टी शोधा.

पहिली, पेट्रोल कुठे फवारलं जातं. साध्या पद्धतीत ते इनटेक व्हॉल्व्हच्या मागे, ३–४ बार दाबाने फवारतात. थेट फवारणीत ते सरळ सिलिंडरमध्ये जातं आणि दाब २०० ते ३५० बार असतो. त्यासाठी वेगळा उच्च दाबाचा पंप लागतो आणि इंजेक्टरही महाग असतात. शिवाय व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नसल्यामुळे ते धुतले जात नाहीत. इंजिनाच्या पोटातून येणारी ऑइलची वाफ त्यांच्यावर बसते, भाजते आणि काळा थर साठतो. सकाळी इंजिन थरथरणं, सुरुवातीला मिसफायर होणं, ही त्याची लक्षणं. पेट्रोलमध्ये टाकायच्या क्लीनरने हा थर जात नाही, कारण ते पेट्रोल तिथे पोचतच नाही. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून व्हॉल्व्ह साफ करावे लागतात. लक्षात घ्या, हा त्रास थेट फवारणीचा आहे, टर्बोचा नाही. थेट फवारणीची साधी इंजिनं आहेत आणि व्हॉल्व्हमागे फवारणारी टर्बो इंजिनंही आहेत. काही उत्पादक दोन्ही ठिकाणी इंजेक्टर देतात आणि व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवायला ते चांगलं.

दुसरी, टायमिंगसाठी चेन आहे, बाहेरचा कोरडा बेल्ट आहे, की ऑइलमध्ये भिजून चालणारा बेल्ट. या तिसऱ्या प्रकाराबद्दल मी फार सावध असतो. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट इंजिन २०१२, २०१३ आणि २०१४ असं सलग तीन वर्षं ‘इंजिन ऑफ द इयर’ ठरलं. प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ लिटरच्या प्यूअरटेक इंजिनालाही आपल्या गटात अशीच ओळीने बक्षिसं मिळाली. दोन्हींच्या सुरुवातीच्या पिढ्यांत बेल्ट ऑइलमध्ये चालणारा होता आणि पुढे तोच डोकेदुखी ठरला. चुकीचं ऑइल घातलं किंवा ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलं, की बेल्टचा रबर फुगतो, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या तळाच्या जाळीत अडकतात. मग संपूर्ण इंजिनालाच ऑइल कमी पडतं. नंतर दोन्ही इंजिनांच्या पुढच्या आवृत्त्यांत चेन आली. बक्षीस नव्या इंजिनाला मिळतं. आठव्या वर्षी काय होईल, हे तेव्हा परीक्षकांच्याही हातात नसतं.

आणि हा बेल्टही टर्बोचा दोष नव्हे. प्यूअरटेकच्या बिनटर्बोच्या आवृत्तीतही तोच होता.

पायरी ४: हिशेब पैशांत नको, पेट्रोलच्या लिटरमध्ये मांडा

टर्बोची बाजू घेणारे इंधनबचत दाखवतात, विरोधक दुरुस्तीचं बिल दाखवतात, आणि दोन्ही गोष्टी एका कागदावर कोणी आणत नाही. मी दोन्ही एकाच मापात मोजतो. प्रत्येक बिलाला त्या दिवशीच्या पेट्रोलच्या भावाने भागायचं. आलेला आकडा म्हणजे ते काम किती लिटरला पडलं. भाव बदलले तरी हे माप बऱ्यापैकी टिकतं.

खाली एक उदाहरण मांडतो. यातले आकडे मी गृहीत धरलेले आहेत. पद्धत उचला आणि आकडे तुमच्या गाडीचे घाला. वर्षाला १५,००० किलोमीटर, दहा वर्षं, म्हणजे एकूण १,५०,००० किलोमीटर.

साधं इंजिन: दर १०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर, एका वेळचे ४० लिटर. पंधरा वेळा म्हणजे ६०० लिटर. एकदा स्पार्क प्लग ६० लिटर, एकदा थ्रॉटल बॉडीची सफाई ३० लिटर. एकूण ६९०.

टर्बो इंजिन: ऑइल दर ७,५०० किलोमीटरला, पूर्ण सिंथेटिक, एका वेळचे ५५ लिटर. वीस वेळा म्हणजे १,१०० लिटर. स्पार्क प्लग दोनदा, १४० लिटर. व्हॉल्व्हची सफाई एकदा, २०० लिटर. हवेचे पाइप, क्लॅम्प, ॲक्चुएटर, एखादा सेन्सर यांसाठी २०० लिटर बाजूला. एकूण १,६४०.

फरक ९५० लिटरचा, आणि यात अजून काहीही मोडलेलं नाही. हा निव्वळ नीट सांभाळण्याचा खर्च.

आता इंधन. साधं इंजिन प्रत्यक्षात लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर दहा वर्षांत १०,००० लिटर जळतं. टर्बोने १७ दिले तर ८,८२४ लिटर. बचत १,१७६ लिटर. त्यातून जास्तीच्या सांभाळाचे ९५० वजा केले की दहा वर्षांत हातात उरतात २२६ लिटर. नुसती बरोबरी साधायलाही टर्बोने प्रत्यक्षात १६.६च्या आसपास द्यायला हवेत. टर्बो सतत दाबून चालवला तर हा फरक सहज नाहीसा होतो, कारण दाबलेली हवा जास्त म्हणजे पेट्रोलही जास्तच लागतं.

यात टर्बो बदलण्याचं काम धरा. नवा टर्बो, पाइप, गॅस्केट, ऑइल आणि मजुरी मिळून ७५० लिटर समजा. एकदा जरी ही वेळ आली, तरी उरलेले २२६ लिटर तिपटीहून जास्त वेळा पुसले जातात. दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर अशा दहा गाड्यांपैकी तिघांना जरी टर्बो बदलावा लागला, तरी सरासरीने सगळा फायदा संपतो.

आता हाच हिशेब पाच वर्षांवर थांबवून पाहा. ७५,००० किलोमीटरपर्यंत टर्बोचा सांभाळ: दहा ऑइल बदल ५५०, एकदा प्लग ७०, किरकोळ ५०, म्हणजे ६७०. साध्या इंजिनाचा: सात ऑइल बदल २८० आणि सफाई ३०, म्हणजे ३१०. फरक ३६०. इंधनाची बचत ५८८. हातात २२८ लिटर. म्हणजे दहा वर्षांत जेवढा फायदा होतो, तेवढा सगळा पहिल्या पाच वर्षांतच झालेला असतो. पुढच्या पाच वर्षांत फायदा जवळपास शून्य, आणि मोठ्या बिलाची शक्यता मात्र सगळी त्याच काळात. या उदाहरणावरून माझं मत असं बनलं आहे: पाच-सहा वर्षांत गाडी बदलणाऱ्याने टर्बो जरूर घ्यावा. दहा-बारा वर्षं एकच गाडी वापरणाऱ्याने साधं इंजिन मिळत असेल तर ते आधी पाहावं. सतत पूर्ण भरलेली गाडी घेऊन चढ चढणाऱ्याला मात्र टर्बोचा खालचा टॉर्क इतका उपयोगी पडतो की तिथे हिशेब बाजूला राहिला तरी मी समजू शकतो.

स्वतःचे आकडे मिळवायला गाडी घेण्याआधी सुट्या भागांच्या दुकानात चार किमती विचारा: पूर्ण टर्बो, उच्च दाबाचा पंप, एक इंजेक्टर, आणि क्लचसोबत फ्लायव्हील. शेवटचं मुद्दाम सांगतो. कमी फेऱ्यांवरच्या मोठ्या टॉर्कचे झटके शोषायला अनेक टर्बो गाड्यांत दुहेरी वस्तुमानाचं फ्लायव्हील असतं. क्लच बदलताना तेही बदलायची वेळ आली, तर बिल कुठल्या कुठे जातं.

पायरी ५: टर्बो घेतलाच असेल तर ऑइल कसं सांभाळायचं

पुस्तिकेत दोन वेळापत्रकं असतात, सामान्य आणि कठीण वापराचं. थांबत-थांबत चालणारी वाहतूक, धूळ, ५–७ किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या, यांतलं काहीही रोजचं असेल, तर तुमचं वेळापत्रक दुसरं. किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑइल बदलाच.

ऑइल घेताना नुसती जाडी पाहू नका, डब्यावरचा दर्जा पाहा. लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर दिला की कधीकधी स्पार्क पडण्याआधीच मिश्रण पेटतं. सिलिंडरच्या कडेने उडालेला ऑइल-पेट्रोलचा थेंब हे त्याचं एक कारण. असा एक जोरदार धक्काही पिस्टनच्या रिंगांमधली कड तोडू शकतो. हे रोखणारी रसायनं असलेल्या ऑइलसाठी २०१८ मध्ये ‘एपीआय एसएन प्लस’ आणि २०२० मध्ये ‘एपीआय एसपी’ हे दर्जे आले. टायमिंग चेनची झीज कमी करण्याची चाचणीही एसपीत आहे. त्यामुळे पुस्तिकेत सांगितलेली जाडी आणि उत्पादकाची मान्यता यांसोबत एसपी किंवा त्याहून नवा दर्जा बघून घ्या. आणि वरच्या गिअरमध्ये १,२००–१,५०० फेऱ्यांवर पाय पूर्ण दाबू नका. एक गिअर खाली या.

ऑइलची पट्टी महिन्यातून एकदा बाहेर काढा. पातळी खाली गेली तर सगळेच बघतात. टर्बोमध्ये ती वर गेली तरीही बघायचं असतं. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, थेट फवारलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि उडून जात नाही. पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे असेल आणि नाकाशी नेल्यावर पेट्रोलचा स्पष्ट वास येत असेल, तर किलोमीटर न बघता ऑइल बदला. अशा पातळ झालेल्या ऑइलवर दोन लाख फेऱ्यांचा दांडा तरंगतो आहे, हे डोळ्यांसमोर आणा.

गाडी बंद करण्याआधी थांबायचं का? रोजच्या वापरात शेवटचे एक-दोन किलोमीटर शांतपणे चालवलं तरी पुरतं. घाट चढून किंवा वेगाने येऊन लगेच थांबलात, तर मात्र मिनिटभर इंजिन चालू ठेवा. इंजिन बंद होताच ऑइलचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या चाकाची उष्णता आत सरकून उरलेलं ऑइल भाजते. आताच्या बऱ्याच टर्बोंभोवती पाणी फिरतं, काहींत इंजिन बंद झाल्यावरही विजेचा पंप ते फिरवत राहतो, त्यामुळे पूर्वीइतकी भीती नाही. पण जाळीत जमलेली ती काळी खपली अशाच भाजलेल्या थेंबांची होती.

पायरी ६: ताकद गेली किंवा धूर आला तर

ताकद गेली म्हणून लगेच टर्बो उतरवू देऊ नका. स्कॅनरवर P0299 असा कोड आला, तर त्याचा अर्थ एवढाच की हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. टर्बो मेला, असा त्याचा अर्थ नाही. आधी टर्बोपासून दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंतचे पाइप बघा. पाइपच्या सांध्यावर ताज्या ऑइलची ओली रेघ दिसली, तर हवा तिथूनच निसटते आहे. डोळ्यांना दिसलं नाही, तर धुराची चाचणी करून घ्या. हवेच्या मार्गात कमी दाबाने धूर सोडला की चिरेतून तो बाहेर येतो. त्यानंतर वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा वायू चाकाला वळसा घालून सोडणारी झडप, हलवणारा ॲक्चुएटर पूर्ण हलतो का, हे तपासायला सांगा. एखादा क्लॅम्प किंवा पाइप बदलून सुटणाऱ्या तक्रारीसाठी अख्खा टर्बो बदललेला मी पाहिला आहे.

निळा धूर असेल तर तो केव्हा येतो हे टिपा. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी एकच झोत येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह स्टेमची सीलं. बराच वेळ उभ्याने चालू ठेवून मग पाय दिल्यावर झोत येत असेल, तर टर्बो किंवा व्हॉल्व्हची सीलं. जोर देताना सतत येत असेल, तर रिंगा किंवा टर्बो. यानंतर पुढची तपासणी याच क्रमाने करा.

एअर फिल्टर बघा. तो तुंबला असेल, तर टर्बो जोराने ओढ लावून स्वतःच्याच सीलमधून ऑइल खेचतो.

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. हलकी ओढ जाणवणं ठीक. झाकण उचलायलाच जोर लागत असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर वाफ परत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी. उलट झाकण उडू पाहत असेल, आतून फुंकर येत असेल, तर पोटात दाब वाढला आहे: एक तर तो व्हॉल्व्ह तुंबला, नाहीतर रिंगांतून वायू खाली येतो आहे. रिंगांचा संशय असेल, तर कॉम्प्रेशन किंवा गळती चाचणी टर्बोची ऑर्डर देण्याआधी करून घ्या.

मग थंड इंजिनावर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढा आणि चाकाच्या मधल्या टोकाला दोन बोटांनी धरून हलवा. आडवं किंचित हलणं स्वाभाविक आहे, कारण या क्षणी दांड्याभोवती दाबाखालचं ऑइल नाही. चाकाचं पातं घराला टेकत असेल, किंवा दांडा पुढे-मागे स्पष्ट सरकत असेल, तर टर्बो गेला. पात्यांच्या कडा दातेरी झाल्या असतील, तर काहीतरी आत ओढलं गेलं आहे. फिल्टरचा डबा नीट बसला होता का, ते बघा. पाइपमध्ये ऑइलचा हलका थर असणं सर्वसाधारण. इंटरकूलरमध्ये डबकं साचणं नाही.

त्या ओळखीच्यांच्या गाडीत चाक घराला टेकत होतं, म्हणजे दुसरा टर्बोही गेलाच होता. पण या वेळी आम्ही टर्बो शेवटी हातात घेतला. आधी ऑइलची टाकी खाली उतरवली. पंपाच्या जाळीवरही तसलाच काळा चुरा होता, तो साफ केला. ऑइल पोचवणारा पाइप आणि बोल्ट दोन्ही नवे घेतले. जुना पाइप धुऊन वापरणं ही खोटी काटकसर, कारण आतला थर पुढे सुटून नव्या टर्बोत जातो. परतीचा पाइप साफ करून त्यातून ऑइल मोकळं उतरतं का, ते पाहिलं. इंटरकूलर सोडून धुतला, नाहीतर त्यात साठलेलं ऑइल पुढे कित्येक दिवस धूर काढत राहतं. नवा टर्बो बसवताना त्याच्या ऑइलच्या तोंडात ताजं ऑइल ओतलं आणि चाक हाताने फिरवलं. नवं ऑइल, नवा फिल्टर. इंजेक्टरची जोडणी काढून ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारला, मग जोडणी लावून इंजिन सुरू केलं आणि पाच मिनिटं फेऱ्या न वाढवता चालू ठेवलं. ५०० किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलले, कारण जुन्या थराचे कण अजून सुटत असतात.

मूळ कारण नोंदवहीत सापडलं. दर १५,०००ला होणारे ऑइल बदल आणि शेवटचे दोन तर २०,००० च्या जवळ गेलेले. रोजचा प्रवास सहा किलोमीटरचा.

तुमच्याकडे टर्बो बदलायची वेळ आली, तर बिलात या ओळी आहेत का ते वाचा: ऑइलचा पाइप, बोल्ट, परतीच्या पाइपचं गॅस्केट, ऑइल, फिल्टर, इंटरकूलरची सफाई. बिलात नुसता टर्बो आणि मजुरी दिसली, तर काम सुरू होण्याआधीच थांबवून विचारा.

पायरी ७: साध्या इंजिनाची बिलं

ती थोडक्यात सांगता येतात. कॉइल, प्लग, थ्रॉटल बॉडी, वॉटर पंप, माउंटिंग. यांतलं काहीही एका वेळी कंबर मोडत नाही आणि बहुतेक कामं जवळच्या कुठल्याही चांगल्या मेकॅनिकला जमतात. पण साधं इंजिन म्हणजे अमर इंजिन नव्हे. घर्षण कमी करायला अलीकडे रिंगा कमी ताणाच्या करतात. ऑइल बदलायला उशीर झाला की त्या खाचेत चिकटतात आणि इंजिन ऑइल पिऊ लागतं. ते मोजायचा मार्ग सोपा आहे. सपाट जागी ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, १,००० किलोमीटर चालवा आणि परत त्याच खुणेपर्यंत यायला किती लागलं ते मोजा. काही उत्पादक अर्धा लिटरही मान्य धरतात. मी पाव लिटरच्या पुढे गेलं की दर ५०० किलोमीटरला पट्टी बघायला सांगतो आणि बदलांमधलं अंतर कमी करतो. इंजिन बंद पडण्याऐवजी असं वर्षानुवर्षं आधी सांगत राहणं, हाच साध्या इंजिनाचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो.

पायरी ८: वापरलेली टर्बो गाडी बघायला जाताना

मालकाला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका, मी थंड गाडीच बघणार. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ऑइलची पट्टी काढून पातळी आणि वास घ्या. भरण्याच्या झाकणातून टॉर्च मारून आत बघा. मधासारखा पिवळसर-तपकिरी रंग चालेल, काळी जाड साय नको. सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांतली चेनची खडखड ऐका. मग गाडी चालवून पूर्ण तापू द्या, तिसऱ्या गिअरमध्ये २,००० फेऱ्यांपासून पाय पूर्ण द्या. ओढ एकसारखी वाढली पाहिजे. सायरनसारखा चढत जाणारा आवाज आला तर त्या गाडीवर वेळ घालवू नका. परत आल्यावर पाच मिनिटं उभ्याने चालू ठेवा आणि कुणाला तरी पाय द्यायला सांगून मागच्या नळीकडे बघा.

आणि ऑइल बदलाच्या पावत्या मागा, किलोमीटरच्या आकड्यांसह. दोन पावत्यांमधलं अंतर १५,००० च्या पुढे असेल, तर मी त्या टर्बो गाडीच्या किमतीतून एका टर्बोच्या कामाचे लिटर वजा करूनच बोलणी सुरू करतो. तेवढ्याच अंतराच्या पावत्या साध्या इंजिनाच्या गाडीत मिळाल्या, तर वर सांगितलेली १,००० किलोमीटरची ऑइलची मोजणी मालकाकडून करून घेतो आणि मग ठरवतो.